वॉरंटी कार्ड, बिल, सर्टिफिकेट: फोटोतले खोटे कागद ओळखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वापरलेली घड्याळं विकत घेण्याआधी लोक मला फोटो पाठवतात आणि विचारतात, "कागद बरोबर वाटतात का?" घड्याळाबद्दल फारसं विचारत नाहीत, कार्ड आणि बिलाबद्दलच विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. उदाहरणं बहुतेक घड्याळांची आहेत, कारण माझा हात त्यातच बसलाय. पण फोन, कॅमेरा, बॅग किंवा हिरा घेतानाही यातलं बरंच तसंच लागू पडतं.

कागद खरे असले की वस्तूही खरीच, असं धरायचं का?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. जुन्या वस्तूंच्या बाजारात रिकामे डबे आणि नुसती वॉरंटी कार्डं वेगळी विकली जातात. कुणाचं घड्याळ हरवतं, चोरीला जातं, आणि कार्ड मात्र कपाटात पडून राहतं. ते कार्ड शंभर टक्के अस्सल असतं. दुसरा कुणी ते विकत घेतो आणि आपल्याकडच्या घड्याळाबरोबर ठेवतो. ते घड्याळ नकली असू शकतं, किंवा अस्सल पण कार्ड नसलेलंही असू शकतं. "डबा-कार्डासकट" म्हटलं की किंमत चढते, हे त्यामागचं कारण.

म्हणून कागदाकडे बघताना "हा कागद खरा आहे का?" हा माझा दुसरा प्रश्न असतो. पहिला असतो, "हा कागद याच वस्तूचा आहे का, आणि ते कशावरून?" ज्या कागदाला वस्तूशी बांधणारा धागाच नाही, तो कितीही सुबक असला तरी त्याचा उपयोग शोभेपुरता.

मग फोटो आल्यावर नजर आधी कुठे टाकायची?

सीरियल नंबरवर. कार्डावरचा नंबर आणि वस्तूवरचा नंबर, दोन्ही. विक्रेते कार्डाचा फोटो अगदी हौसेने पाठवतात, वस्तूवरच्या नंबरचा फोटो मात्र मागावा लागतो. "पट्टा काढावा लागेल", "माझ्याकडे हत्यार नाही" अशी कारणं येतात. काही वेळा ती खरीही असतात, कारण जुन्या घड्याळांत नंबर पट्ट्याच्या आड, केसवर कोरलेला असायचा. पण रोलेक्सचं उदाहरण घ्या. 2000 च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी नंबर काचेच्या आतल्या कड्यावर, सहाच्या आकड्यापाशी कोरायला सुरुवात केली. तो काचेतून दिसतो आणि साध्या फोनने टिपता येतो. अशा घड्याळाला पट्ट्याचं कारण सांगितलं जात असेल, तर सांगणाऱ्याला घड्याळ माहीत नाही किंवा नंबर दाखवायचा नाही.

नंबर अक्षर-अक्षर ताडून बघा. 8 आणि B, 0 आणि O, 5 आणि S या जोड्यांवरून डोळा सहज घसरतो. मी नंबर उलटा, शेवटाकडून वाचतो. सरळ वाचताना डोकं आपोआप "जुळला" म्हणून मोकळं होतं.

नंबर जुळला. आता निश्चिंत व्हायला हरकत नाही ना?

अजून नाही. नकली माल करणारे एका खऱ्या वस्तूचा नंबर उचलतात आणि तोच शेकड्यांनी कोरतात. कार्डावरही तोच छापतात. म्हणजे कार्ड आणि घड्याळ एकमेकांशी तंतोतंत जुळतं आणि दोन्ही खोटी असतात. अशा वेळी तो नंबर अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधावा. तोच नंबर दोन वेगवेगळ्या जाहिरातींत, वेगवेगळ्या डायलच्या घड्याळांवर सापडला, तर पुढे बघायची गरजच उरत नाही. काही सापडलं नाही म्हणून नंबर चांगला, असा मात्र अर्थ काढू नका.

नंबर मनानेच रचलेला आहे का, हे कळू शकतं का?

काही वस्तूंच्या बाबतीत कळतं. मोबाइल फोनचा IMEI हे सगळ्यात सोपं उदाहरण. त्यात 15 आकडे असतात आणि शेवटचा आकडा आधीच्या 14 आकड्यांवरून हिशोबाने येतो. बिलावर किंवा डब्याच्या फोटोत 490154203237518 असा नंबर आहे असं समजा. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे चौदाव्यापर्यंतचे आकडे दुप्पट करायचे, आणि दुप्पट दोन अंकी आली तर तिचे दोन अंक मिळवायचे. 9 चे 18, म्हणजे 9. 1 चे 2. 4 चे 8. 0 चा 0. 2 चे 4. 7 चे 14, म्हणजे 5. 1 चे 2. ही बेरीज 30. न बदललेले आकडे 4, 0, 5, 2, 3, 3 आणि 5, त्यांची बेरीज 22. एकूण 52. पुढचं दशक 60, म्हणजे शेवटचा आकडा 8 हवा. इथे तो 8 आहे.

कुणी फोटोत यातला एकच आकडा बदलला, तर हा हिशोब हमखास मोडतो. पण जुळला तर नंबर नीट रचलेला आहे एवढंच कळतं. दुसऱ्याच फोनचा खरा IMEI छापला असेल तर हा हिशोब हूं की चूं करत नाही. घड्याळांच्या सीरियल नंबरला, निदान बाहेरच्या माणसाला तपासता येईल असा, हा आधार नसतो.

फोटोतच आकडे बदलले असतील, तर ते कसं दिसतं?

एक प्रकरण सविस्तर सांगतो. ब्रँडचं नाव घेत नाही. स्टीलचं घड्याळ, सात फोटो, डबा, कार्ड आणि बिल. नंबर जुळत होता, तारखाही जुळत होत्या. एका ओळखीच्या मुलाला ते घ्यायचं होतं आणि त्याने फोटो मला पाठवले.

पहिल्या फोटोत कार्ड टेबलावर थोडं तिरकं ठेवलेलं होतं. कार्डावरची छापील ओळ, म्हणजे कंपनीचं नाव, कार्डाबरोबर तिरकी होती. सीरियल नंबरची ओळ मात्र कार्डाच्या कडेला नाही, तर फोटोच्या चौकटीला समांतर होती. फरक जेमतेम दोन-तीन अंशांचा. नुसत्या डोळ्यांना तो खुपत नाही, पण स्क्रीनवर पट्टी धरली की लगेच कळतो. मात्र खऱ्या कार्डांवरही नंबर नंतर छापला जातो आणि तो किंचित वाकडा बसू शकतो. म्हणून एवढ्यावरून मी काही बोललो नाही.

मग फोटो मोठा करून बघितला. खोलीत उजेड कमी होता, त्यामुळे कार्डाच्या पांढऱ्या भागावर बारीक रवा आला होता, कमी उजेडात फोनच्या फोटोत येतो तसा. कंपनीच्या नावाच्या अक्षरांतही तो रवा होता. आकड्यांत नव्हता. ते सपाट काळे होते, कडा कापल्यासारख्या. आकड्यांच्या भोवती चौकोनी पट्टाही रवा नसलेला, गुळगुळीत. आधीचे आकडे पुसून त्या जागी आजूबाजूचा रंग पसरला की असंच दिसतं.

तरीही माझी खात्री पटली ती चौथ्या फोटोवरून. त्यात विक्रेत्याने कार्ड हातात धरलं होतं आणि त्याच्या अंगठ्याची सावली कार्डाच्या खालच्या कोपऱ्यावर पडली होती. सावलीतला पांढरा रंग करडा झाला होता, तिथल्या अक्षरांचा काळेपणाही बदलला होता. आकड्यांपैकी शेवटचे तीन त्याच सावलीत होते आणि त्यांच्यावर सावलीचा काहीच परिणाम नव्हता. सावली कार्डावर पडली होती, आकड्यांवर पडली नव्हती.

मुलाने विक्रेत्याला एकच विनंती केली: घड्याळ आणि कार्ड एकाच चौकटीत ठेवून छोटा व्हिडिओ पाठवा. दोन दिवस काही उत्तर आलं नाही, मग फोन आला. घड्याळ अस्सल निघालं. कार्डही अस्सलच होतं, पण ते त्याच मॉडेलच्या दुसऱ्या घड्याळाचं होतं. विक्रेत्याने स्वतः ते "पूर्ण संच" म्हणून घेतलं होतं. नंबर जुळत नाही हे त्याला नंतर कळलं, आणि नुकसान नको म्हणून त्याने फोटोतले आकडे बदलले. मुलाने घड्याळ शेवटी घेतलं, बिनकार्डाचं घड्याळ म्हणून आणि बिनकार्डाच्या भावात. मी नको म्हणालो होतो. जो माणूस फोटोत एक गोष्ट बदलतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर मी पैसे लावत नाही.

फोटो खरा आहे, पण कार्डच छापून बनवलंय. ते ओळखता येतं का?

जवळून काढलेला स्पष्ट फोटो असेल तर बऱ्याचदा येतं. खऱ्या कार्डाची किंवा पुस्तिकेची ठरलेली छपाई कारखान्यात मोठ्या प्रमाणावर होते. तिथे काळा मजकूर साधारणपणे एकाच काळ्या शाईने छापतात, त्यामुळे बारीक अक्षराचीही कड स्वच्छ असते. बनावट करणारा अस्सल कार्ड स्कॅन करतो आणि ते चित्र छापतो. त्या चित्रात काळा रंग हा "काळा मजकूर" राहत नाही, चित्राचाच एक भाग होतो. प्रिंटर तो निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांच्या मिश्रणातून उभा करतो. फोटो मोठा केला की बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत भुरभूर दिसते, जणू अक्षराला लव फुटलीय. फिकट रंगाच्या भागावर जाळीदार लहरी दिसत असतील, तर छापलेल्या गोष्टीचा स्कॅन पुन्हा छापला गेला असण्याची शक्यता मोठी.

दुसरी खूण लोकांना उलटी वाटते. खऱ्या कार्डावर दोन तऱ्हेची छपाई असणं अगदी साहजिक आहे. नाव, नक्षी, नियम हे आधी छापलेलं असतं. नंबर, मॉडेल, विक्रीची तारीख हे नंतर, वेगळ्या यंत्राने येतं. जुन्या कागदी वॉरंट्यांवर तर दुकानदार पेनाने लिहायचा आणि शिक्का मारायचा. त्यामुळे नंबरची चमक, काळेपणा आणि जाडी बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळी असते. लोक तेवढ्यावरच संशय घेतात. मला उलट सगळं एकाच तऱ्हेचं, एकाच शाईचं, एकाच चमकेचं दिसलं की शंका येते. बनावट करणाऱ्याने सगळं एकाच फेरीत छापलेलं असतं.

फोटो अंधूक आहे, अक्षरं वितळल्यासारखी दिसतात. म्हणजे खोटं?

नाही, यावरून निकाल देऊ नका. बरेचसे फोन बारीक अक्षरं स्वतःच घोटून काढतात, आणि दूरून झूम करून काढलेल्या फोटोत तर हमखास. शिवाय व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवला की तो लहान होतो, पुन्हा दाबला जातो, आणि अक्षरांभोवती चौकोनी डाग येतात. त्या डागांना मी स्वतः एकदा "खाडाखोड" म्हणून बसलो होतो. नंतर मूळ फोटो मागवला तर तिथे काहीच नव्हतं.

म्हणून फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. तसं पाठवलं की फाइल आहे तशी येते आणि फोटो कधी, कुठल्या उपकरणाने काढला ही माहितीही बहुधा टिकते. ती वाचायला संगणकाच्या टर्मिनलमध्ये द्यायची साधी आज्ञा आहे, आणि बिल पीडीएफमध्ये आलं असेल तर खालची दुसरी:

```
exiftool card.jpg
pdfinfo bill.pdf
```

पीडीएफमध्ये `CreationDate`, `ModDate` आणि `Producer` या ओळी बघा. तीन वर्षांपूर्वीचं बिल गेल्या आठवड्यात तयार झालेलं दिसलं तर विचारा. "दुकानाच्या पोर्टलवरून परत डाउनलोड केलं" हे उत्तर पटण्यासारखं आहे. पण `Producer` मध्ये बिलिंगच्या सॉफ्टवेअरऐवजी पोस्टर बनवायच्या ॲपचं नाव असेल, तर ते उत्तर पुरत नाही. ही सगळी माहिती बदलताही येते. ती चुकीची निघाली तर उपयोगी, बरोबर निघाली तर तेवढ्यावर विसंबू नये.

बिलात नेमकं काय तपासायचं?

हिशोब करून बघा. हसू नका, सगळ्यात जास्त खोटी बिलं मी इथेच पकडली आहेत. समजा बिलावर वस्तूची किंमत 8,450, कर 20 टक्के, कराची रक्कम 1,490 आणि एकूण 9,940 आहे. चलन कुठलंही असो. बेरीज बरोबर आहे, म्हणून नजर पुढे सरकते. पण 8,450 चे 20 टक्के 1,690 होतात. 1,490 हे 7,450 चे 20 टक्के. म्हणजे मूळ बिल 7,450 चं होतं. कुणीतरी 7 चा 8 केला, एकूणही सुधारलं आणि मधली कराची ओळ विसरलं. बिलिंगचं सॉफ्टवेअर अशी चूक करत नाही. पैशांपर्यंतचा गोल करण्याचा फरक असू शकतो, दोनशेंचा नाही.

नंतर शिक्का आणि सही. बिलावर आणि वॉरंटी कार्डावर एकाच दुकानाचा शिक्का असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा. हाताने मारलेला शिक्का दर वेळी वेगळा उठतो: कुठे शाई जास्त, कुठे अर्ध वर्तुळ फिकट, कोन वेगळा. रबरच तुटलेलं असेल तर तुटकं अक्षर दोन्हीकडे सारखं दिसेल, ते ठीक. पण शाईचा डागसुद्धा दोन्हीकडे त्याच जागी असेल, तर तो शिक्का नाही, शिक्क्याचं चित्र आहे. सहीचंही तसंच. एका माणसाच्या दोन सह्या हुबेहूब सारख्या कधीच येत नाहीत.

थर्मल कागदाच्या पावतीबद्दलही खूप विचारतात. ती शाईने नाही, उष्णतेने छापली जाते. त्यामुळे ती एकरंगी असते आणि ऊन, गरमी, प्लॅस्टिकचं पाकीट यांनी फिकी पडत जाते. अशी पावती छापणारी बरीचशी यंत्रं एका मिलिमीटरमध्ये 8 ठिपके छापतात, म्हणून जवळून बघितलं तर तिरक्या रेषांना बारीक पायऱ्या दिसतात. सहा वर्षांपूर्वीची पावती काळीभोर, तिरक्या रेषा लोण्यासारख्या गुळगुळीत आणि वर दुकानाचं रंगीत चिन्ह, असं एकत्र दिसलं तर ती पावती त्या यंत्रातून आलेली नाही. नुसता काळेपणा पुरावा नाही. अंधाऱ्या खणात नीट ठेवलेली पावती टिकते.

तारखांवरून काय कळतं?

कागद त्याच्या काळातला आहे का, हे कळतं. रोलेक्सने 1 जुलै 2015 पासून विकलेल्या नव्या घड्याळांना पाच वर्षांची हमी द्यायला सुरुवात केली; त्याआधी मूळ हमी दोन वर्षांची असायची. 2011 च्या तारखेच्या कार्डाबरोबर "पाच वर्षांची वॉरंटी" सांगणारी पुस्तिका फोटोत दिसली, तर ती पुस्तिका दुसऱ्या संचातली आहे. तसंच कार्डाचं. कंपन्या काही वर्षांनी कार्डाचा रंग, मांडणी, साहित्य बदलतात. कार्डाच्या फोटोकडे बघून "छान दिसतंय" म्हणण्याआधी त्या वर्षीचं कार्ड कसं होतं, ते दोन-तीन विश्वासू विक्रेत्यांच्या जुन्या फोटोंत बघून घ्या.

अक्षरांच्या वळणालाही वय असतं. 2017 मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयापुढच्या एका प्रकरणात 2006 ची तारीख असलेले दस्तऐवज कॅलिब्री या फॉन्टमध्ये निघाले आणि मोठा गदारोळ झाला, कारण तो फॉन्ट सर्वसामान्यांपर्यंत पोचला 2007 मध्ये. बिलाच्या बाबतीत ही तपासणी रोज कामाला येत नाही, पण लागली तर अचूक लागते.

बॅगेबरोबर "अस्सलपणाचं कार्ड" आहे. ते असणं चांगलंच ना?

ब्रँडवर अवलंबून आहे, आणि इथे बरेच जण उलटं समजतात. लुई व्हितॉन आणि एर्मेस आपल्या बॅगांबरोबर असं कार्ड देतच नाहीत. त्यामुळे "लुई व्हितॉन, ओरिजिनल कार्डासह" ही जाहिरात वाचली की मी पुढचे फोटो उघडत नाही. गुच्चीच्या बॅगेत "controllato" असं छापलेलं छोटं कार्ड निघतं. ते कारखान्यातल्या तपासणीचं चिटोरं आहे, सर्टिफिकेट नाही, आणि ते छापायला कुणालाही पाच मिनिटं पुरतात. शनेलने अनेक वर्षं नंबर असलेलं कार्ड आणि आत तोच नंबर असलेलं स्टिकर दिलं, पण 2021 मध्ये ते बंद करून आत चिप असलेली धातूची पट्टी आणली. म्हणजे त्यानंतरच्या नव्या शैलीच्या बॅगेबरोबर जुन्या धाटणीचं कार्ड असेल, तर ते कार्डच तिच्याविरुद्ध साक्ष देतं.

हिऱ्याच्या सर्टिफिकेटचा क्रमांक वेबसाइटवर सापडला. आता काय उरतं?

हिरा उरतो. हिरे तपासून अहवाल देणाऱ्या जीआयए या संस्थेच्या अहवालाचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर `Report Check` मध्ये टाकला की अहवालातली माहिती दिसते, आणि ती फोटोतल्या कागदाशी ओळीओळीने ताडता येते. पण त्यावरून कागद खरा ठरतो, खडा नाही. 2021 मध्ये जीआयएच्याच प्रयोगशाळेत असे खडे आले होते: प्रयोगशाळेत बनवलेले, पण कडेवर दुसऱ्याच नैसर्गिक हिऱ्याच्या अहवालाचा क्रमांक कोरलेला. ते पकडले गेले प्रत्यक्ष तपासणीत. अहवालात मापं मिलिमीटरच्या दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेली असतात, आणि दोन वेगळ्या खड्यांची तिन्ही मापं आणि वजन तंतोतंत सारखं असणं अवघड. ते मोजायला खडा हातात लागतो, फोटो पुरत नाही.

सर्टिफिकेटवरच्या क्यूआर कोडबद्दल एवढंच: तो स्कॅन करून उघडलेल्या पानावर विसंबू नका. खोट्या कागदावरचा कोड खोट्या पानावरच नेतो, आणि तिथे हिरवी खूण दिमाखात झळकत असते. संस्थेचा पत्ता स्वतः टाइप करा, क्रमांकही स्वतः भरा.

विक्रेत्याकडे कोणते फोटो मागू?

मोजकेच मागा, पण आधीपासून तयार नसतील असे मागा. वस्तूवरचा नंबर आणि कार्ड एकाच चौकटीत, शेजारी हाताने लिहिलेली आजची तारीख. मग कार्डाचा बाजूने, खिडकीच्या तिरक्या उजेडात काढलेला फोटो. त्यात उठाव, वरून चिकटवलेलं लेबल, प्लॅस्टिकचा थर हे सावलीमुळे दिसून येतं. होलोग्राम असेल तर त्याचे दोन कोनांतून दोन फोटो. खऱ्याचं चित्र कोनाबरोबर हलतं, रंग बदलतं. छापलेल्या नकलेत दोन्हीकडे तेच चित्र राहतं, फार तर चकाकी सरकते. दहा सेकंदांचा व्हिडिओ मिळाला तर हे सगळंच एका दमात होतं, म्हणून मी हल्ली आधी व्हिडिओच मागतो.

फोटोवर आडव्या-उभ्या बारीक रेषांची जाळी दिसली तर तो स्क्रीनचा फोटो आहे, म्हणजे कार्ड पाठवणाऱ्याच्या हातात नाही.

मी स्वतः विकतोय. नंबर झाकावा का?

हो, पूर्ण नंबर जाहिरातीत टाकू नका. नकली कार्डांसाठी नंबर इथूनच उचलले जातात. शेवटचे तीन-चार आकडे झाका. पण फोनमधल्या मार्कर पेनने नाही. तो अर्धपारदर्शक असतो आणि उजेड वाढवला की खालचे आकडे वर येतात. फोटो काढतानाच कागदाचा तुकडा किंवा बोट ठेवा. गंभीर ग्राहकाला उरलेले आकडे व्हिडिओ कॉलवर दाखवा.

फोटोत चूक सापडली. विक्रेत्याला सांगू का?

"मला घ्यायचं नाही" एवढंच सांगा. कराची रक्कम चुकलीय किंवा सावली चुकलीय हे समजावून सांगितलंत, तर पुढच्या माणसाला सुधारलेलं बिल मिळतं. फोटो आणि संभाषण जपून ठेवा, आणि ज्या ठिकाणी जाहिरात होती तिथे तक्रार करताना ते जोडा.

सगळं तपासलं, काहीच चूक सापडली नाही. मग कागद खरे ना?

फोटोवरून खोटं सिद्ध होऊ शकतं, खरं नाही. माझं उत्तर फार तर "फोटोत वावगं काही दिसलं नाही" एवढंच असतं, आणि लोक ते "खरं आहे" असं ऐकतात. शेवटची तपासणी वस्तू उघडून, हातात घेऊनच होते.

कार्ड हरवलंय, पण विक्रेता म्हणतो कंपनीकडून डुप्लिकेट काढून देतो. चालेल?

कुठली कंपनी, यावर आहे. रोलेक्स हरवलेलं वॉरंटी कार्ड पुन्हा देत नाही, म्हणून त्या नावाने कुणी "डुप्लिकेट" आणलं तर ते कुठे छापलं हा प्रश्न उरतो. पाटेक फिलिप जुन्या घड्याळांसाठी आपल्या दफ्तरातला उतारा देते. त्यात त्या नंबरचं घड्याळ कधी बनलं आणि कधी विकलं गेलं याची नोंद असते. तो अस्सल कागद आहे, पण तोही फक्त नोंदीबद्दल बोलतो. समोरच्या घड्याळाचं डायल नंतर बदललंय का, हे त्या उताऱ्यात लिहिलेलं नसतं.